उन्हातली पाण्याची बाटली : काय विरघळते, काय झडते?

मे महिन्यातल्या भर दुपारी एखाद्या एस. टी. स्थानकावर उतरा. टपरीसमोर पाण्याच्या बाटल्यांची खोकी एकावर एक रचलेली दिसतील. वरच्या खोक्याचे प्लॅस्टिक फाटलेले असते आणि सूर्य थेट बाटल्यांवर तळपत असतो. तहान लागलेला एक प्रवासी बाटली हातात घेतो, ती कोमट लागते. शेजारचा म्हणतो, “अहो, ती घेऊ नका. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचे पाणी म्हणजे विष!” दुकानदार हसून म्हणतो, “काही होत नाही साहेब, वीस वर्षे हेच विकतोय.”

विद्यार्थी मित्रांनो, या दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे? विज्ञानाचा विद्यार्थी असा प्रश्न आला की लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. तो विचारतो : काय बाहेर येते? किती येते? किती तापमानाला आणि किती वेळात? हे चार प्रश्न आपण आज त्या बाटलीला विचारणार आहोत. उत्तरे ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल की बाटलीतून पाण्यात दोन अगदी वेगळ्या रीतींनी गोष्टी शिरतात. काही पदार्थ प्लॅस्टिकमधून पाझरून विरघळतात आणि काही कण प्लॅस्टिकपासून झडतात. पहिल्याचे कारण उष्णता, तर दुसऱ्याचे कारण प्रामुख्याने घर्षण. या दोहोंची गल्लत केली की भलत्याच गोष्टीची भीती वाटू लागते आणि खऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

बाटली आणि टेरिलीनचा सदरा

बाटली उलटी करून तिचा तळ पाहा. बाणांच्या त्रिकोणात १ हा आकडा दिसेल. याचा अर्थ ही बाटली पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजेच थोडक्यात ‘पेट’ या प्लॅस्टिकची आहे. नाव अवघड असले तरी हा पदार्थ तुमच्या आजोबांच्या ओळखीचा आहे. इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी तो १९४१ साली प्रथम तयार केला आणि त्याचे धागे काढले. हेच ते टेरिलीन. इस्त्री न मोडणारा टेरिलीनचा सदरा आणि पाण्याची बाटली ही एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत! पुढे नॅथॅनिएल वायेथ या अमेरिकन अभियंत्याने या पदार्थाची मजबूत बाटली करण्याची युक्ती शोधली. तिचे एकस्व १९७३ सालचे आहे.

पेट हे बहुवारिक आहे. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे छोटे रेणू एकाआड एक जोडून त्याची लांबच लांब साखळी बनते. पण हे रेणू आपण होऊन भराभर जोडले जात नाहीत. त्यासाठी उत्प्रेरक लागतो आणि बहुतेक कारखान्यांत तो अँटिमनी या धातूचे ऑक्साइड हा असतो. अँटिमनीचे एक खनिज पूर्वी सुरमा म्हणून डोळ्यांत घालीत. काम झाल्यावर हा उत्प्रेरक वेगळा काढून घेतला जात नाही. तो साखळ्यांच्या जाळ्यात जिथल्या तिथे अडकून राहतो.

आपली गोष्ट याच अडकलेल्या अँटिमनीची आहे. पेटमधून दुसरेही पदार्थ पाझरतात. उदाहरणार्थ, पेट वितळवून साचा भरताना त्याचा थोडासा अंश मोडून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. तापलेल्या बाटलीतल्या पाण्याला जी गोडसर, ‘प्लॅस्टिकची’ चव लागते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असते. ते जिभेला अत्यल्प प्रमाणातही कळते. अँटिमनीला मात्र अशी चव नाही. तेव्हा पाणी चवीला चांगले लागले म्हणजे त्यात काही उतरलेले नाही, असे समजू नये.

किती आहे आणि किती चालते?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच कडक असतो. तेथील विद्यापीठात वेस्टरहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातल्या नऊ प्रकारच्या बाटल्या घेऊन केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बाटल्यांच्या प्लॅस्टिकमध्ये दर किलोग्रॅमला सरासरी २१३ मिलिग्रॅम अँटिमनी आढळले.

आता आपण हिशेब करू. एक लिटरच्या बाटलीचे वजन २५ ग्रॅम धरा. तिच्यात ५.३ मिलिग्रॅम, म्हणजे ५३०० मायक्रोग्रॅम अँटिमनी निघेल. पाण्यात किती चालते? अमेरिकेने ठरवलेली मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे बाटलीतल्या अँटिमनीचा सुमारे नऊशेवा भाग जरी पाण्यात उतरला, तरी अमेरिकेची मर्यादा गाठली जाते. साठा भरपूर आहे. तो बाहेर पडतो का, एवढाच प्रश्न आहे.

लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचीही कल्पना करून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे शंभर कोटी मायक्रोग्रॅम. त्यातला एक मायक्रोग्रॅम म्हणजे जवळजवळ बत्तीस वर्षांतला एक सेकंद!

नव्या बाटल्यांतल्या पाण्यात या संशोधकांना सरासरी ०.१९५ मायक्रोग्रॅम अँटिमनी सापडले. त्याच बाटल्या २२ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवल्यावर ते ०.२२६ झाले. म्हणजे थंड, सावलीच्या जागी तीन महिन्यांतही फारसे काही घडले नाही.

हे अँटिमनी मुळात पाण्यातलेच नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. जर्मनीत हायडेलबर्ग येथील शोटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तिचे उत्तर दिले. एका झऱ्याचे पाणी त्यांनी उगमापाशीच तपासले. त्यात लिटरला अवघे ४ नॅनोग्रॅम अँटिमनी होते. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. तेच पाणी पेटच्या बाटलीत भरून दुकानात आल्यावर त्यात सुमारे ३६० नॅनोग्रॅम निघाले आणि आणखी तीन महिने ठेवलेल्या बाटलीत सुमारे ६३०. झरा तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त बाटली. अँटिमनी बाटलीतूनच आले हे यावरून स्पष्ट होते. अर्थात ६३० नॅनोग्रॅम म्हणजे ०.६३ मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या पुष्कळच खाली, हेही विसरू नका.

पाच अंशांचा प्रताप

खरी गंमत पुढे आहे. ॲरिझोनाच्या संशोधकांनी बाटल्या वेगवेगळ्या तापमानांना सतत ठेवून अँटिमनी कसे वाढते ते मोजले आणि त्यावरून ६ मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडायला किती दिवस लागतील ते काढले. ते आकडे असे :

६० अंश सेल्सिअस : १७६ दिवस
६५ अंश : ३८ दिवस
७० अंश : १२ दिवस
७५ अंश : ४.७ दिवस
८० अंश : २.३ दिवस
८५ अंश : १.३ दिवस

हे आकडे नीट न्याहाळा. तापमान ६० वरून ६५ वर गेले, फक्त पाच अंश वाढले, तर मुदत साडेचार पटींहूनही अधिक घटली. ६० वरून ८५ वर गेले तर ती सुमारे १३५ पट घटली! तापमान थोडे वाढले की परिणामही थोडाच वाढेल, हा आपला रोजचा अंदाज येथे साफ चुकतो.

असे का होते? गर्दीने खच्चून भरलेल्या लोकलच्या डब्याची कल्पना करा. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दाराकडे यायचे आहे, पण त्याला पाय टाकायलाही जागा नाही. आजूबाजूचे लोक जरा हलले, क्षणभर फट पडली, की तो एक पाऊल सरकतो. पेटच्या साखळ्यांत अडकलेल्या अँटिमनीचे असेच आहे. तापमान वाढले की साखळ्या अधिक जोराने थरथरतात, फटी वारंवार पडतात आणि अँटिमनी पृष्ठभागाकडे सरकते. या सरकण्याला विसरण म्हणतात. त्यातच पाण्याचे रेणू साखळीचे दुवे हळूहळू तोडू लागतात आणि तापमान वाढले की हे तोडण्याचे कामही वेग घेते.

शिवाय ७० अंशांच्या आसपास पेटमध्ये एक महत्त्वाचा बदल होतो. त्याखाली त्याच्या साखळ्या काचेसारख्या जखडलेल्या असतात. त्यावर त्या मोकळ्या होऊन हलू लागतात. भौतिकशास्त्रात या तापमानाला काचसंक्रमण तापमान असे म्हणतात. हे तुम्हाला डोळ्यांनी दिसू शकते. पेटच्या बाटलीत कडकडीत गरम पाणी ओतले की ती आक्रसते आणि वेडीवाकडी होते. कारखान्यात एका जाड, आखूड नळीला तापवून, ताणून आणि हवेने फुगवून ही बाटली केलेली असते. ताणलेल्या साखळ्या गार झाल्यावर तशाच अडकून बसतात. गरम पाण्याने त्या सुटल्या, की रबर सोडल्यासारख्या पुन्हा आखडतात. म्हणून आक्रसलेली बाटली दिसली की ओळखावे : या बाटलीच्या साखळ्या एकदा सैल झालेल्या आहेत. ती पुन्हा वापरू नये.

मोटारीत विसरलेली बाटली

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवू. नागपूरला मे महिन्यात दुपारी बाहेर ४३ अंश तापमान आहे. काचा लावलेली मोटार उन्हात उभी आहे आणि मागच्या आसनावर पाण्याची बाटली आहे. काचांतून सूर्यप्रकाश आत येतो, आसने तापतात, त्यांना लागून हवा तापते आणि ती बाहेर जाऊ शकत नाही. उभ्या मोटारींतील तापमानाचे मोजमाप अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी अधिक तापते आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. तेव्हा आपल्या मोटारीत ४३ अधिक २२, म्हणजे ६५ अंश.

वरच्या यादीत ६५ अंशांसमोर ३८ दिवस आहेत. पण ते दिवस चोवीस तासांचे आहेत, म्हणजे एकूण ९१२ तास. मोटार दिवसातून पाच तास एवढी तापते असे धरले तर ९१२ भागिले ५, म्हणजे १८२ दिवस लागतील. इतके दिवस रोज ४३ अंशांचे ऊन नागपूरलाही पडत नाही. शिवाय पाणी हवेच्या मानाने सावकाश तापते, म्हणजे प्रत्यक्षात तासही कमीच भरतील.

तर मग एका दुपारी मोटारीत राहिलेले पाणी विष झाले का? नाही. शेजारच्या प्रवाशाची भीती एवढ्यापुरती तरी खोटी आहे. पण दुकानदाराचेही पूर्ण खरे नाही. मर्यादा ओलांडली नाही म्हणजे काहीच उतरले नाही असे नव्हे. तापमान वाढेल तसे अँटिमनी वाढतेच. आणि सर्व बाटल्या एकसारख्या नसतात. चीनमध्ये १६ प्रकारच्या बाटल्या ७० अंशांना सलग चार आठवडे ठेवून पाहिल्या. त्यातल्या १५ मर्यादेच्या आत राहिल्या, एक बाहेर गेली. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. कोणती बाटली सोळावी निघेल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, म्हणून साठवणीत काळजी घ्यायची. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर पडून राहिलेली खोकी आणि एका दुपारी तापलेली बाटली यांत हा फरक आहे.

या हिशेबातून घरातली एक सवय मात्र टाळण्याजोगी ठरते. पुष्कळ घरांत पाणी उकळतात आणि ते पुरते निवण्याआधीच पेटच्या बाटल्यांत भरतात. येथे तापमान ८०-८५ अंशांचे, म्हणजे यादीच्या अगदी तळाचे असते. पाणी निर्जंतुक करण्याचा हेतू चांगला, पण घाई वाईट. पाणी पातेल्यातच झाकून गार होऊ द्यावे आणि मगच भरावे. फार घाई असेल तर स्टीलची बाटली किंवा तांब्या आहेच.

त्याच उन्हाचा दुसरा गुण

तुम्हाला एक आश्चर्य सांगतो. जगातल्या अनेक गरीब वस्त्यांत लोक पेटच्या बाटल्या मुद्दाम उन्हात ठेवतात! बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तिम अक्रा यांनी ही कल्पना १९८० च्या सुमारास मांडली आणि पुढे १९९१ पासून स्वित्झर्लंडमधील जलसंशोधन संस्थेने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत निवळलेले पाणी भरायचे आणि ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. सूर्यप्रकाशातले जंबुपार किरण जंतूंचा नाश करतात. पाणी ५० अंशांपलीकडे तापले तर हे काम आणखी लवकर होते. जिथे हगवणीने मुले दगावतात, तिथे ही बाटली जीव वाचवते.

मग अँटिमनीचे काय? आता तुम्हीच उत्तर देऊ शकाल. सहा तास आणि ५० अंशांच्या आसपासचे तापमान. आपल्या यादीच्या पहिल्या ओळीच्याही खाली. एकीकडे आज होणारी हगवण, दुसरीकडे मर्यादेच्या कितीतरी खाली असलेले अँटिमनी. धोका नेहमी दुसऱ्या धोक्याशी ताडून पाहायचा असतो. ‘ऊन वाईट’ एवढेच पाठ करणाऱ्याला ही तुलना करता येत नाही.

झडणारे कण

आता दुसरी रीत पाहू. येथे काही विरघळत नाही, तर प्लॅस्टिकचे कण सुटून पाण्यात तरंगतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणाला सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, म्हणजे एका मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर त्याला नॅनोप्लॅस्टिक म्हणतात.

न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया येथील संशोधकांनी २०१८ साली ११ प्रकारच्या २५९ बाटल्या तपासल्या. त्या नऊ देशांतून आणल्या होत्या आणि भारत त्यांपैकी एक होता. १०० पैकी ९३ बाटल्यांत प्लॅस्टिकचे कण सापडले. त्यांतले १०० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक पॉलिप्रॉपिलीनचे निघाले. पण बाटली तर पेटची! मग पॉलिप्रॉपिलीन आले कोठून? ते वापरतात झाकणांसाठी. संशयाची सुई झाकणाकडे वळली.

इटलीतील मिलान विद्यापीठात २०१९ साली या संशयाची सरळ परीक्षा झाली. काही बाटल्यांची झाकणे एकदा, काहींची दहा वेळा, तर काहींची शंभर वेळा उघडली-मिटली आणि झाकणाचे व गळ्याचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जसजशी फिरवण्याची संख्या वाढली, तसतसे आट्यांवर झिजून सुटलेले कण वाढले. दुसऱ्या बाटल्या हाताने चेपल्या, दाबल्या. त्यांच्या पाण्यातल्या कणांत लक्षात घेण्याजोगी वाढ झाली नाही. म्हणजे बाटली चेपण्यापेक्षा झाकण फिरवणे अधिक कण पाडते. शंभर वेळा झाकण उघडणे म्हणजे काय? शाळेत दिवसातून पाच वेळा पाणी पिणाऱ्या मुलाला त्यासाठी वीस दिवस पुरतात. आणि अशी बाटली आपण सहा-सहा महिने वापरतो!

रामन यांच्या किरणांची साक्ष

हे कण मोजायचे कसे? मोठा कण सूक्ष्मदर्शकात दिसतो. पण तो प्लॅस्टिकचा की मातीचा, हे कसे कळावे? येथे मदतीला येतो तो आपल्याच देशात, कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेला शोध. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले की पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर विखुरलेल्या प्रकाशात अगदी थोडा भाग बदललेल्या रंगाचा असतो. हा बदल रेणूतले बंध किती वेगाने कंप पावतात त्यावर ठरतो. म्हणून प्रत्येक प्लॅस्टिकची रामन-खूण निराळी, जणू अंगठ्याचा ठसाच.

अडचण अशी की ही खूण फार क्षीण असते. नॅनोप्लॅस्टिकसारख्या इवल्या कणापासून ती मिळायला खूप वेळ लागतो. कोलंबिया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून एकाऐवजी दोन लेसर वापरले. दोहोंच्या कंप्रतांतील फरक एखाद्या बंधाच्या कंपनाशी बरोबर जुळवला, की तो बंध झोक्याला नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसा जोराने डोलू लागतो आणि खूण कितीतरी पटींनी ठळक होते. २०२४ साली त्यांनी या पद्धतीने तीन प्रकारच्या बाटल्यांतले पाणी तपासले. एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के नॅनोप्लॅस्टिक होते. पेटचे कण होतेच, पण नायलॉनच्या जातीचेही पुष्कळ होते. ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांतून आले असावेत. पाणी गाळायला घेतलेली गाळणीच त्यात कण सोडते, हा केवढा विरोधाभास!

हे कण पोटात जाऊन काय करतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालच्या अहवालात म्हटले की १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याचा संभव कमी असून ते बाहेर पडतात. अतिसूक्ष्म कणांविषयीचा पुरावा मात्र तिने अपुरा ठरवला आणि अधिक संशोधनाची शिफारस केली. म्हणून २ लाख ४० हजार हा आकडा ऐकून घाबरून जाऊ नका. तो किती कण आहेत ते सांगतो, ते किती अपाय करतात ते सांगत नाही.

सहा महिने वापरलेली बाटली

आता तुम्ही म्हणाल, बाटली जुनी झाली की तिच्यातून अधिक रसायने येत असतील. येथेही थांबून विचार करू. रोज सकाळी पाणी ओतून टाकून नवे भरले, तर विरघळण्याचा हिशेब रोज शून्यापासून सुरू होतो. पाणी बाटलीत फार तर एक दिवस राहते. विसरणाला वेळच मिळत नाही.

वीस लिटरच्या काही टणक, पारदर्शक जारसाठी पॉलिकार्बोनेट हे वेगळे प्लॅस्टिक वापरतात. पेटमध्ये नसलेले बिसफेनॉल-ए हे रसायन त्यातून पाझरते आणि ते शरीरातल्या संप्रेरकाची नक्कल करते. सिनसिनाटी विद्यापीठाच्या २००८ सालच्या प्रयोगात गिर्यारोहकांनी नऊ वर्षांपर्यंत वापरलेल्या पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या नव्या बाटल्यांशी ताडून पाहिल्या. साध्या पाण्यात दोहोंतून जवळजवळ सारखेच बिसफेनॉल-ए आले. उकळते पाणी ओतले तेव्हा मात्र त्याचा वेग १५ ते ५५ पट झाला. पुन्हा तेच! वयापेक्षा उष्णताच भारी.

मग जुनी बाटली निर्धोक म्हणावी का? मुळीच नाही. तिचे दोष दुसरे आहेत. आटे झिजतात आणि कण पडतात, हे पाहिलेच. दुसरा दोष त्याहून मोठा आहे, तो म्हणजे जंतू. तोंड लावून पिताना लाळ आत जाते, चिंचोळ्या गळ्यातून हात जात नाही, ब्रश जात नाही आणि तळाच्या खाचांत बुळबुळीत थर साचतो. गरम पाण्याने धुवावी तर बाटली आक्रसते. कॅनडातील कॅल्गरी येथे प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाटल्यांतले पाणी तपासल्याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत जंतूंचे प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. पाणी नळाचे, स्वच्छ होते. घाण होती ती बाटलीत. आजारी पाडण्याच्या बाबतीत सहा महिन्यांच्या बाटलीतला हा थर तिच्यातल्या अँटिमनीच्या पुष्कळ पुढे आहे.

करून पाहा

एकसारख्या तीन बाटल्या, तीन तापमापके आणि काचेचे झाकण असलेले एक खोके मिळवा. खोक्याला आतून काळा कागद लावा. तिन्ही बाटल्यांत सारखे पाणी भरा. एक सावलीत, दुसरी उघड्या उन्हात आणि तिसरी काचेखाली खोक्यात ठेवा. सकाळी अकरापासून चारपर्यंत दर तासाला पाण्याचे तापमान नोंदवून आलेख काढा. हे खोके म्हणजे तुमची बंद मोटार. तिसऱ्या बाटलीतले पाणी ६० अंश गाठते का? गाठत असेल तर किती तास टिकते? त्यावरून वरच्या यादीच्या आधारे मोटारीचा हिशेब तुमच्या गावासाठी पुन्हा मांडा. हे पाणी पिऊ नका, झाडांना घाला.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. एका जुन्या आणि एका नव्या बाटलीचे झाकण काढून त्यांचे आटे भिंगातून पाहा. जुन्या आट्यांच्या कडा बोथट व खरबरीत झालेल्या आढळतील. तेथून गेलेले प्लॅस्टिक कोठे गेले असेल, ते सांगायला नको.

शेवटी, पाणी विकत घेताना बाटलीवरची तारीख पाहा आणि सावलीत ठेवलेली बाटली मागून घ्या. पेटच्या बाटलीत गरम पाणी कधीही भरू नका. झाकण उगाच चाळा म्हणून फिरवत बसू नका. आटे खरबरीत झाले, आतून बुळबुळीत लागले किंवा बाटली आक्रसली, तर तिला निरोप द्या. शाळेत रोज नेण्यासाठी हात आत जाईल अशा रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. ती घासता येते, उकळत्या पाण्याने धुता येते आणि उन्हात वाळवता येते. आणि पुन्हा कोणी म्हणाले, “उन्हातल्या बाटलीचे पाणी विष असते”, तर त्याला विचारा : किती अंश, आणि किती तास?